मारबतीचं स्क्रिप्ट दोन रकान्यांत: एकट्या एडिटरसाठी केलेल्या तक्त्याची गोष्ट

"ताई, मी हे वाचू की कापू?"

आमच्या एडिटरने हे फोनवर विचारलं तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि त्याचा तो सहावा फोन होता. नागपूरच्या मारबतीवर, म्हणजे इडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर, सात मिनिटांची माहितीपर फिल्म करायची होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, दोन कॅमेरे आणि एक वेगळा ऑडिओ रेकॉर्डर घेऊन आम्ही इतवारीत पहाटेपासून उभे होतो. हाती आल्या 214 क्लिपा. मिरवणूक वर्षातून एकदाच निघते, त्यामुळे राहिलेला शॉट पुन्हा घ्यायचा प्रश्नच नव्हता. जे होतं त्यातूनच फिल्म उभी करायची होती, दहा दिवसांत, आणि एडिटर एकच होता. कापणं, आवाज बसवणं, सुपर म्हणजे पडद्यावरची अक्षरं टाकणं, रंग जुळवणं, सगळं सक्करदऱ्यातल्या घरी त्याच्या एकट्याच्या खुर्चीत.

मी त्याला नऊ पानी स्क्रिप्ट पाठवलं होतं. मन लावून लिहिलं होतं आणि वाचायलाही चांगलं होतं. त्यातला एक परिच्छेद जसाच्या तसा देते:

"इतवारीच्या अरुंद गल्ल्यांतून काळी मारबत पुढे सरकते. तिचा तो उग्र चेहरा आपल्याला दिसतो आणि मागे ढोल घुमत असतात. 1881 पासून ही परंपरा चालत आली आहे. गच्च्यागच्च्यांवर माणसं. याच गर्दीत एक आजोबा सांगतात की लहानपणी त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून मारबत पाहिली आणि आता ते नातवाला घेऊन येतात. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' या आरोळीने गल्ली दुमदुमते."

यातलं कोणतं वाक्य निवेदिकेने वाचायचं आणि कोणतं एडिटरने बघायचं? "गच्च्यागच्च्यांवर माणसं" हा शॉट आहे की निवेदन? 1881 बोलायचं की पडद्यावर लिहायचं? आजोबांचं म्हणणं निवेदिकेच्या तोंडी आहे की आजोबांच्याच? लिहिताना मला यातलं काहीच अवघड वाटलं नव्हतं, कारण फिल्म माझ्या डोक्यात चालू होती. एडिटरच्या डोक्यात ती नव्हती. त्याच्या हातात नुसता परिच्छेद होता आणि तो प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचार करत होता. दिवसभरात त्याचे सतरा फोन झाले आणि फिल्म कापून झाली एक मिनिट चाळीस सेकंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्याकडे जाऊन बसले. काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं असं ठरवून. डावीकडे छापलेलं स्क्रिप्ट, समोर लॅपटॉप, उजवा हात माउसवर, डावा कीबोर्डवर. तो कागदाकडे बघायचा तेव्हा दोन्ही हात थांबायचे. पुन्हा पडद्याकडे वळला की कागदावरची जागा हरवायची, म्हणून त्याने फूटपट्टी ठेवली होती. परिच्छेदाच्या मधल्या ओळीवर फूटपट्टी ठेवूनही पुढचं वाक्य चित्राचं की आवाजाचं हे कळत नव्हतं. सतरा फोनांची कारणं त्याने वहीच्या मागच्या पानावर टिपली होती. नऊ फोन "कुठली क्लिप" यासाठी, चार "खाली कुठला आवाज ठेवू" यासाठी, तीन सुपरच्या मजकुरासाठी आणि एक दोन प्रसंगांचा क्रम विचारायला. ते पान मी मागून घेतलं. पुढचा तक्ता त्या पानावरच उभा राहिला.

मात्र पहिला तक्ता फसला. त्या रात्री मी सहा रकाने आखले: क्रमांक, शॉट, क्लिप, निवेदन, इतर आवाज, वेळ. सगळं जिथल्या तिथे गेल्याचं समाधान झालं. एडिटरने दोन पानं वापरून बघितली आणि म्हणाला, "ताई, डोळा सहा ठिकाणी फिरवावा लागून राहिला." ए-फोर कागदावर सहा रकाने म्हणजे प्रत्येक रकाना दोन बोटांचा. शब्द मध्ये तोडायचे नव्हते, त्यामुळे "मिरवणुकीतली" हा एक शब्दच अख्खी ओळ खायचा आणि चार वाक्यांचं निवेदन उभं लटकायचं. वेळेच्या रकान्यात मी फिल्ममधली चालू वेळ लिहिली होती, 02:10 ते 02:21 अशी. पहिल्याच प्रसंगातला एक शॉट तीन सेकंदांनी वाढला आणि खालचे सगळे आकडे खोटे झाले. खोट्या आकड्यांचा रकाना नुसता निरुपयोगी राहत नाही, तो माणसाला थांबवून विचारात पाडतो.

म्हणून दोनच रकाने: डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज. जाहिराती, वृत्तकथा आणि माहितीपट यांच्यासाठी ही जुनी, रुळलेली पद्धत आहे आणि तिच्यामागे साधं कारण आहे. टाइमलाइनवर एडिटरसमोरही दोनच थर असतात, वर चित्राच्या पट्ट्या आणि खाली आवाजाच्या. कागदावरचा डावा रकाना वरच्या पट्ट्यांत जातो, उजवा खालच्या. बाकीचं सगळं, म्हणजे क्रमांक, क्लिप, सुपर, या दोन रकान्यांच्या आतच बसवायचं. खरं कौशल्य रकाने आखण्यात नसून ओळी पाडण्यात आहे, हे मला या कामात कळलं.

ओळ कुठे पाडायची? शॉट बदलला की नवी ओळ, हे पहिल्यांदा सुचतं. मीही तसंच केलं आणि एका वाक्याचं निवेदन तीन ओळींत चिरलं गेलं. निवेदिकेने ते वाक्य एका दमात वाचलेलं असतं, फाइलमध्ये ते अखंड असतं, आणि कागदावर मात्र त्याचे तुकडे. एडिटर आधी आवाज पसरतो आणि मग त्यावर चित्र बसवतो, निदान निवेदनावर चालणाऱ्या फिल्ममध्ये तरी. मी त्याच्या शेजारी बसले तेव्हा तो हेच करत होता. तेव्हा नियम असा ठरला की आवाजाचा धनी बदलला की ओळ बदलायची. निवेदन संपून बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर माणसाचं बोलणं सुरू झालं, नवी ओळ. बाइट संपून आरोळी वर आली, नवी ओळ. निवेदन चालू असताना चित्र तीनदा बदललं तरी ओळ तीच.

मग त्याच ओळीत चित्र नेमकं कुठे बदलायचं हे कसं सांगायचं? शॉटला क, ख, ग अशी अक्षरं दिली आणि निवेदनात ज्या शब्दाशी शॉट बदलायचा त्या शब्दाआधी तेच अक्षर कंसात टाकलं. वरचा परिच्छेद तक्त्यात असा आला, व्हीओ म्हणजे निवेदन:

| चित्र | आवाज |
|---|---|
| 11 (क) A C0034, 00:12 पासून. काळ्या मारबतीचा चेहरा, कॅमेरा खालून वर. (ख) A C0036, 01:40 पासून. गच्च्यांवरची माणसं. सुपर: काळी मारबत, 1881 पासून | व्हीओ: (क) इतवारीच्या गल्ल्यांतून काळी मारबत निघते आहे अठराशे एक्क्याऐंशीपासून. (ख) त्या सकाळी एकही गच्ची रिकामी नसते. खाली: ढोल, A C0036 मधलाच |
| 12 (क) B C0019, 03:05 पासून. आजोबा, खांद्यावर नातू. (ख) B C0021, 00:08 पासून. नातवाचा हात, हातात पिपाणी | बाइट: (क) "लहानपनी बापाच्या खांद्यावर बसून पाह्यली म्या मारबत. (ख) आता नातवाले घेऊन येतो." खाली: काही नाही, बाइटमधली गर्दी पुरेशी |
| 13 A C0041, 00:30 पासून. तरुणांचा घोळका, हात वर | आरोळी वर, पूर्ण एकदा: "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" त्यानंतर खाली, ओळ 14 मध्ये चालू |

ओळ 11 मध्ये एडिटरला काय काय मिळालं ते बघा. दोन क्लिपा, प्रत्येकीत कुठून घ्यायचं, कोणत्या शब्दावर चित्र बदलायचं, पडद्यावर काय लिहायचं, आणि निवेदनाखाली कोणता ढोल. सतरा फोनांमधली क्लिप, आवाज आणि सुपर ही तिन्ही कारणं एका ओळीत मिटली. क्रमाचं चौथं कारण 11 या आकड्याने मिटलं.

सन दोन प्रकारे लिहिलंय, तेही मुद्दाम. डावीकडे ते आकड्यांत आहे, कारण पडद्यावर तसंच उमटायचंय. उजवीकडे अक्षरांत, कारण तो रकाना निवेदिकेने वाचायचाय. पहिल्या रेकॉर्डिंगला स्क्रिप्टमध्ये 1881 असं होतं आणि निवेदिकेने एकदा "अठराशे एक्क्याऐंशी" आणि दुसऱ्या टेकला "अठराशे एक्याऐंशी" वाचलं. अंक मराठीत मोठ्याने वाचताना भलेभले अडखळतात. एकोणऐंशी, एकोणनव्वद, एक्क्याण्णव हे शब्द लिहूनच द्यावेत.

क्लिपच्या पत्त्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि आधी सगळ्यात जास्त चुकाही तिथेच झाल्या होत्या. पहिली चूक नावांची. दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं शूटआधी कोरी केलेली, त्यामुळे दोन्हीकडे क्लिपांची नावं C0001.MP4 पासून सुरू झालेली. मी C0034 लिहिलं की एडिटरच्या सर्चमध्ये दोन C0034 यायच्या, एकीत मारबतीचा चेहरा आणि दुसरीत चहाची टपरी. कार्डं आपापल्या A आणि B फोल्डरमध्ये होती, पण माझ्या कागदावर तो A किंवा B नव्हता. एवढं एक अक्षर पुढे लागल्यावर फोन निम्मे झाले. काही जण अशा वेळी फाइलींची नावंच बदलतात. तसं करायचं असेल तर प्रोजेक्टमध्ये घेण्याआधी करावं. कापायला सुरुवात झाल्यावर नाव बदललं की सॉफ्टवेअरला फाइल सापडत नाही आणि टाइमलाइन लाल होते.

दुसरी चूक वेळेची, आणि ती पकडायला आम्हाला बराच वेळ गेला. मी क्लिपा घरी VLC मध्ये बघून वेळा टिपल्या होत्या. VLC क्लिपच्या सुरुवातीला शून्य धरून वेळ दाखवतो. म्हणून माझ्या कागदावर 00:12 म्हणजे क्लिप सुरू झाल्यावर बाराव्या सेकंदाला. एडिटर Premiere वापरतो आणि त्याच्याकडे ती क्लिप सुरूच होत होती 09:47:03:11 ला. तो कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेला टाइमकोड. आमच्या कॅमेऱ्यावर तो घड्याळाच्या वेळेला लावलेला होता. त्यामुळे बारावं सेकंद शोधायला दर वेळी मनात बेरीज करावी लागायची. यावर दोन उपाय आहेत. एक, Premiere च्या Preferences मध्ये Media या भागात Timecode साठी Start at 00:00:00:00 निवडायचं, म्हणजे सगळ्या क्लिपा शून्यापासून दिसतात. दुसरा, मीच त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा टाइमकोड टिपायचा. दोन कॅमेऱ्यांचं चित्रण घड्याळावर जुळवायचं असेल तर मूळ टाइमकोड मोलाचा असतो, पण आम्हाला तशी गरज नव्हती. पहिला उपाय केला आणि तक्त्याच्या पहिल्या ओळीवर लिहिलं: "सर्व वेळा क्लिपच्या सुरुवातीपासून, मिनिट:सेकंद."

ते "मिनिट:सेकंद" लिहिणंही फुकट नाही. टाइमकोडचा शेवटचा भाग फ्रेमचा असतो, आणि आम्ही सेकंदाला 25 फ्रेमवर शूट केलं होतं, म्हणजे तो 00 ते 24 असा धावतो. एडिटरची नजर त्याला सरावलेली. मी 01:40 लिहिलं तर त्यात चाळीस हे फ्रेम असू शकत नाहीत, हे त्याला लगेच कळेल. पण 03:05? तीन मिनिटं पाच सेकंद, की तीन सेकंद पाच फ्रेम? लेखकाने फ्रेमपर्यंत जाऊच नये असं माझं स्पष्ट मत झालंय. फ्रेम ठरवणं हे एडिटरचं काम आहे. मी सेकंद सांगते आणि सोबत एक ओळखीची खूण: "आजोबा मान वळवतात तिथून." वेळ एखाद-दोन सेकंदांनी चुकली असली तरी खूण चुकत नाही.

डाव्या रकान्याची आणखी एक सवय मला मोडावी लागली. मी तिथे हवं ते चित्र लिहायचे. "मारबतीच्या मागे उगवता सूर्य" असं एका ओळीत होतं. कार्डावर तसा शॉटच नव्हता, त्या सकाळी ढग होते. शूटआधीचं स्क्रिप्ट असेल तर असं लिहिणं ठीक, कॅमेरामनला त्यातून इच्छा कळते. पण एडिटरला दिलेल्या तक्त्यात कार्डावर नसलेला शॉट म्हणजे त्याचा अर्धा तास गेला, कारण तो आहे असं समजून तो शोधत राहतो. आता ज्या ओळीसाठी चित्र नाही तिथे मी जाड अक्षरांत "चित्र नाही" असंच लिहिते आणि जवळचा पर्याय देते.

उजव्या रकान्यात माझी सगळ्यात मोठी चूक आजोबांच्या बाइटमध्ये होती. ते बोलले होते वऱ्हाडीत. मी स्क्रिप्टमध्ये ते प्रमाण मराठीत आणलं: "लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी मारबत पाहिली." एडिटर तीन मिनिटांच्या बाइटमध्ये "वडिलांच्या" हा शब्द कानाने शोधत होता आणि तो कुठे नव्हताच. होतं ते "बापाच्या" आणि "पाह्यली म्या". त्याने बाइट तीनदा ऐकला आणि मग फोन केला. बाइट कागदावर उतरवायचा तो जसा बोलला गेला तसाच, अडखळण्यासकट. यात भाषेचा मान राखणं आहेच, पण कामाच्या दृष्टीनेही तोच मजकूर एडिटरचा नकाशा असतो. बाइट लांब असेल तर पूर्ण उतरवायची गरज नाही. पहिले चार शब्द, शेवटचे चार शब्द आणि मध्ये काय गाळायचं ते पुरतं. आमच्याकडे आजोबा मध्येच कुणाला तरी "थांब रे, बोलून राहिलो ना" म्हणतात. तेवढं कंसात "गाळा" असं लिहिलं होतं. तिथे चित्र उडी मारू नये म्हणूनच ओळ 12 मध्ये (ख) चा नातवाचा हात आहे. गाळलेला बाइट आणि त्यावरचा झाकणारा शॉट एकाच ओळीत दिसले की एडिटरला कारण विचारावं लागत नाही.

आवाजाच्या थरांसाठी आम्ही दोनच शब्द ठरवले: "वर" आणि "खाली". मी आधी "हळू", "मंद", "पार्श्वभूमीला", "अस्पष्ट" असे चार शब्द वापरत होते आणि प्रत्येकाचा अर्थ त्याने आपल्या मनाने लावला होता. किती डेसिबलने खाली हे मी लिहीत नाही, ते त्याच्या कानाचं काम. पण एका सेलमध्ये सगळ्यात वर जे लिहिलंय ते सगळ्यात पुढे ऐकू यायला हवं, हा क्रम पाळते. मारबतीसारख्या गोंगाटात हे फार लागतं, कारण त्या सकाळी सगळ्याच क्लिपांत ढोल आहेत आणि दोन क्लिपांतले ढोल वेगळ्या ठेक्यात आहेत. ते एकावर एक आले की कानाला चिखल होतो. म्हणून "खाली" या शब्दासोबत कोणत्या एका क्लिपचा ढोल, हे दर वेळी लिहिलेलं असतं. जिथे खाली काहीच नको तिथे "काही नाही" लिहायचं. रिकामी जागा ठेवली तर विसरले की नको आहे, हे कळत नाही.

एका ओळीतला आवाज दुसऱ्या ओळीच्या चित्रावर पसरतो तेव्हा मी सुरुवातीला उजवीकडचे दोन सेल जोडून एक करत होते. बघायला छान दिसतं. पण मध्ये एखादी ओळ घालायची म्हटलं की जोडलेले सेल विस्कटतात. त्यापेक्षा ओळ 13 मध्ये आहे तसं "ओळ 14 मध्ये चालू" हे चार शब्द बरे. उलट प्रकारही येतो, पुढच्या ओळीचा आवाज आधीच्या चित्रावरच सुरू करायचा. तो आदल्या ओळीच्या शेवटी लिहायचा: "ओळ 15 ची आरोळी इथेच सुरू." एडिटर वरून खाली येतो, त्यामुळे सूचना त्याला लागते त्या क्षणाआधी मिळाली पाहिजे, नंतर नाही.

आता ज्या जागी हा तक्ता चालला नाही, ती सांगते. नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात. तो फिल्मचा कळसाचा प्रसंग, निवेदन नाही, फक्त ढोल, आरोळ्या आणि गर्दी, 50 सेकंद. माझ्याच नियमाने आवाजाचा धनी बदलत नाही, म्हणजे सगळं एकाच ओळीत. मी त्या एका ओळीत अठरा शॉट क्रमाने लिहिले, क पासून थेट द पर्यंत. एडिटरने तसंच्या तसं लावलं आणि ते मेलेलं दिसलं. सगळे कट बरोबर जागी, पण ढोलाच्या ठेक्याशी एकही जुळलेला नाही. ठेका मला कागदावर ऐकू येत नव्हता, येणारही नव्हता. तेव्हा ती ओळ अशी बदलली:

| चित्र | आवाज |
|---|---|
| 27 एकूण 50 सेकंद. पाहिजेच, या क्रमाने: गल्लीच्या टोकाला पिवळी दिसते (B C0058). दोन्ही एका चौकटीत (A C0077, एकमेव शॉट, किमान 5 सेकंद). गर्दीतली हात जोडलेली बाई (B C0063). बाकी: A आणि B मधले "गाठ" फोल्डरमधले सर्व, मनाप्रमाणे | रेकॉर्डरचा ढोल, फाइल 09, अखंड, वर. शेवटच्या 4 सेकंदांत एकदम बंद, शांत. ओळ 28 शांततेतच सुरू |

तीन खुंट्या आणि बाकी मोकळं रान. "एकमेव शॉट" हे शब्द मी मुद्दाम घातले, कारण दोन्ही मारबती एकत्र दिसणारा तेवढाच एक तुकडा आमच्याकडे होता आणि तो दोन सेकंदांत उडून गेला असता तर प्रसंगच गेला असता. या प्रसंगाचा पहिला कट त्याने त्या रात्रीच पाठवला. ठेका बरोबर धरला होता.

वेळेचा रकाना काढला तरी वेळेची काळजी संपत नाही. आम्ही प्रसंगाच्या मथळ्यात फक्त एकूण सेकंद लिहिले. आमच्या निवेदिकेचा वेग मिनिटाला 115 शब्दांच्या आसपास होता, हे तिच्याच आधीच्या रेकॉर्डिंगवरून मोजलं. पण शब्द मोजून मराठीत फसगत होते, "मिरवणुकीतल्यासुद्धा" हाही एक शब्द आणि "ती" हाही एक. म्हणून प्रत्येक प्रसंग मोबाइलचं घड्याळ लावून मी स्वतः मोठ्याने वाचला. पहिल्या मसुद्यातलं निवेदनच पाच मिनिटं दहा सेकंद भरलं. बाइट आणि आरोळ्या धरून फिल्म नऊ मिनिटांवर जात होती. एडिटिंगच्या टेबलावर हे कळलं असतं तर दोन दिवस गेले असते. कागदावर एका तासात निवेदन साडेतीन मिनिटांवर आणलं, आणि जे गेलं त्यातलं बरंचसं चित्रात दिसतच होतं.

कागदाची मांडणी थोडक्यात. ए-फोर उभा, डावा रकाना थोडा अरुंद, उजवा थोडा रुंद. एक ओळ दोन पानांवर तुटू द्यायची नाही, Word मध्ये Allow row to break across pages ची खूण काढून टाकायची. अक्षर 12 पॉइंट, आणि ओळींमधलं अंतर Exactly वर कधी ठेवायचं नाही, वरची वेलांटी आणि खालचे उकार छाटले जातात. "मारबतींची" आणि "मारबतीची" यांतला अनुस्वार असाच एकदा गेला होता. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला सुपर एडिटरने चिकटवला की त्याच्याकडे इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. आणि PDF वाचायला उत्तम, पण त्यातून देवनागरी कॉपी केली की मात्रा इकडेतिकडे होतात. म्हणून दोन्ही फाइली द्यायच्या, छापायला PDF आणि सुपर उचलायला मूळ डॉक्युमेंट.

एकदा एडिटरने पहिली ओळ लावली की क्रमांक बदलायचे नाहीत, हा शेवटचा नियम आम्ही चुकून शिकलो. मी ओळ 8 नंतर एक ओळ घातली आणि Word ने खालचे सगळे क्रमांक एकने पुढे ढकलले. एडिटरच्या टाइमलाइनवरच्या खुणा मात्र जुन्याच क्रमांकांच्या होत्या. अर्धा दिवस तो 12 म्हणायचा आणि मी 13 समजायचे. आता क्रमांक हाताने टाइप करते. नवी ओळ आली तर 8अ. ओळ काढली तर क्रमांक तसाच ठेवून समोर "काढली".

नवा तक्ता दिला त्या दिवशी तीन फोन आले. एक ओळ 19 साठी, तिथे B ऐवजी A लिहिलं गेलं होतं, चूक माझी. दुसरा एका बडग्यावरची, म्हणजे मिरवणुकीतल्या टोमणे मारणाऱ्या पुतळ्यावरची, पाटी वाचता येत नव्हती, तिचा मजकूर विचारायला. त्यानंतर बडग्यांच्या प्रत्येक ओळीत मी पाटीवरचा मजकूर लिहून दिला, कारण चालू प्रश्नांवरचे ते टोमणे वाचता आले नाहीत तर बडग्या दाखवून उपयोग नाही. तिसरा फोन रात्री दहाला आला.

"ताई, 31 ला दहनावर तुम्ही व्हीओ ठेवला आहे. मी काढून पाह्यला. नुसता आगीचा आवाज ठेवला. ऐकता का?"

मी ऐकलं. तक्त्यात ओळ 31 च्या उजव्या रकान्यात निवेदनावर रेघ मारली, शेजारी "काढली" लिहिलं, आणि खाली नवी ओळ घातली: 31अ, आगीचा आवाज वर, 9 सेकंद, चित्र काळं होईपर्यंत.